शिपिंगचे ९९ भरले, आता दर महिन्याला १,४९९ कापले जाताहेत. ऑटोपेची ही भानगड कुणी नीट सांगेल का? (सोलापूर)

सेवाकेंद्र_अशोकचौक

मंडळी, नमस्कार. अशोक चौकाजवळ माझं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. झेरॉक्स, वीजबिल, आधारची कामं, पेन्शनचे दाखले असं सगळं चालतं. हल्ली एकाच प्रकारची तक्रार घेऊन बायका येताहेत, म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडतो.

विडी कामगार मावशी आहेत, पूर्व भागात राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, इंग्रजी वाचता येत नाही. मोबाईलवर त्यांना केसगळतीच्या तेलाची जाहिरात दिसली. 'नमुना बाटली मोफत, फक्त शिपिंगचे ९९ रुपये'. ३ तारखेला त्यांनी यूपीआयनं ९९ भरले, १२ तारखेला बाटली आली. इथपर्यंत सगळं ठीक. १८ तारखेला खात्यातून १,४९९ गेले. त्यांना वाटलं बँकेनं शिल्लक कमी म्हणून काहीतरी कापलं असेल. मग आणखी एक बाटली घरी आली. मागवली नव्हती, पण पहिली फुकट आली तशी हीही आली असेल म्हणून ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात १८ लाच परत १,४९९. तेव्हा त्या पासबुक घेऊन माझ्याकडं आल्या.

फोन बघितला. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जो भाग असतो, तिथं एक नोंद सापडली. तेलाचं नाव कुठंच नाही, कुठल्यातरी भलत्याच प्रायव्हेट लिमिटेडचं नाव आहे. दर महिन्याला, जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि मुदत २०५० च्याही पुढं. मावशी म्हणतात, "मी नव्व्याण्णवच दिले ओ, देवाशपथ." आणि व्यवहारांच्या यादीत त्या दिवशी खरोखर ९९ च आहेत.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. ९९ रुपयांसाठी पिन टाकला तर ५,००० ची परवानगी कशी गेली? गेलेले २,९९८ परत मिळतील का? आणि हे रद्द केलं तर कंपनी मावशींच्या मागं लागेल का? पुरावा राहावा म्हणून मी अजून कशालाच हात लावलेला नाही.

---

होटगीरोड_संतोष

यात विचार करण्यासारखं काही नाही. सरळ बँकेत जा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पूर्ण रक्कम बँकेनं द्यायची. बँकवाले टाळाटाळ करतील, पण सोडायचं नाही. आणि एटीएम कार्ड आधी ब्लॉक करून टाका, म्हणजे पुढचे पैसे जाणार नाहीत.

---

विनायक_टॉवेल

माझ्या घरीही असंच झालं. बायकोच्या नावानं पार्सल आलं, कुरिअरवाल्यानं ४९९ रोख घेतले, उघडलं तर आत चिंध्या. मागवलंच नव्हतं काही. या कुरिअरवाल्यांना आपले पत्ते कोण देतं ते शोधलं पाहिजे.

---

सेवाकेंद्र_अशोकचौक

विनायकभाऊ, तुमचं प्रकरण वेगळं आहे. इथं मावशींनी स्वतः मागवलं, माल आला, तेलही बरं आहे म्हणतात. प्रश्न फक्त नंतर आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा आहे.

---

पासबुक

बँकेच्या शाखेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक काम. सेवाकेंद्रवाले, आजच त्या नोंदीचे स्क्रीनशॉट घ्या आणि ती नोंद रद्द करा. पुराव्यासाठी ती चालू ठेवायची गरज नाही, ठेवली तर येत्या १८ ला तिसरा हप्ता जाईल. नोंद उघडली की आत एक लांबलचक मँडेट क्रमांक दिसतो, त्याला यूएमएन म्हणतात, शेवटी यूपीआय आयडीसारखं @ असतं. तो आणि कंपनीचं नाव, कमाल रक्कम, सुरू झाल्याची तारीख, एवढं फोटोत आलं पाहिजे. रद्द करताना ॲप पिन मागेल, तेव्हा मावशी घाबरतील. त्यांना समजावून सांगा की हा पिन पैसे देण्याचा नाही, परवानगी काढून घेण्याचा आहे. पिन त्यांनाच टाकू द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. मावशींनी ३ तारखेला एका पिनात दोन कामं केली. ९९ दिले आणि पुढच्या कापणीची परवानगीही दिली. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे आणि त्याची रचनाच अशी की पहिली रक्कम वेगळी असू शकते, पुढची कमाल मर्यादा वेगळी असू शकते. पिनच्या आधीच्या पडद्यावर दोन्ही लिहिलेलं असतं. पण ९९ ठळक दिसतं आणि 'दर महिना, ५,००० पर्यंत' ही ओळ खाली बारीक अक्षरात राहते. नेहमीच्या पेमेंटला हाताला सवय झालेली असते, रक्कम बघायची आणि पिन टाकायचा. ओळखायची खूण एकच. साध्या पेमेंटच्या पडद्यावर 'दर महिना' किंवा 'अमुक तारखेपर्यंत' असं काही नसतं. ऑटोपे, मँडेट, मंथली, व्हॅलिडिटी यांतला एक जरी शब्द दिसला तरी ते शिपिंगचं पेमेंट नव्हे. तिथंच मागं फिरायचं.

एकदा परवानगी गेली की पुढच्या १५,००० पर्यंतच्या कापणीला पिन लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ मध्ये वाढवली. पण रिझर्व्ह बँकेची अट आहे की प्रत्येक कापणीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, तीत कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख हवी, आणि तिथूनच नकार देण्याची सोय हवी. मावशींच्या फोनमध्ये १७ तारखेचा मेसेज शोधा. बहुतेक सापडेल.

संतोषराव, तुम्ही म्हणता तो तीन दिवसांचा नियम खरा आहे, २०१७ चा आहे. पण तो ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराचा. इथं बँकेच्या नोंदीत पिन टाकलेला आहे. बँक म्हणेल परवानगी तुम्हीच दिलीत, आणि तिच्या दप्तरापुरतं ते बरोबरही असेल. म्हणून बँकेशी भांडण्यात जोर घालवू नका. फसवणूक पिनात नाही, पिन ज्या पानावर मागितला त्या पानात आहे. भांडण कंपनीशी आहे. आणि एटीएम कार्ड ब्लॉक करून यूपीआयची परवानगी थांबत नाही, ती खात्यावर बसलेली असते. ॲप डिलीट केलं तरी थांबत नाही.

---

सेवाकेंद्र_अशोकचौक

काका, मेसेज सापडला. १७ तारखेला सकाळी आलाय, इंग्रजीत, रिचार्जच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. रक्कम आहे, तारीख आहे, तेच भलतं नाव आहे. मावशींना वाचता येणं शक्यच नव्हतं.

जाहिरातीचं पानही मिळालं. वर हिरव्या रंगात 'मोफत', खाली घड्याळ उलटं चाललंय, 'फक्त ११ बाटल्या शिल्लक'. पान परत उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि बाटल्या परत ११ च. मोठं बटण आहे 'माझी बाटली पाठवा'. त्याच्याही खाली, फोनवर सरकवल्याशिवाय दिसणारच नाही अशा ठिकाणी, करड्या अक्षरात एक इंग्रजी ओळ आहे. पुढे गेल्यास मेंबरशिपच्या अटी मान्य, अशा अर्थाची. त्या अटींच्या पानावर बरंच खाली लिहिलंय की चाचणीचा काळ १४ दिवसांचा, ऑर्डरच्या दिवसापासून.

---

पासबुक

ती 'ऑर्डरच्या दिवसापासून' ही ओळ महत्त्वाची. ३ ला ऑर्डर, १४ दिवस १७ ला संपतात, १८ ला कापणी. बाटली हातात आली १२ ला. म्हणजे चौदा दिवसांतले जेमतेम पाच दिवस मावशींकडे उरले. केसाचं तेल पाच दिवसांत कळतं का कुणाला? या धंद्याचं गणितच तिथं आहे. माल सावकाश पाठवला की रद्द करण्याची मुदत वाटेतच संपते.

ते पान आजच पूर्ण सरकवत फोटो काढून ठेवा, वरच्या पत्त्यासकट आणि तारखेसकट. तक्रार झाली की अशी पानं बदलली जातात.

---

चटणीवाला_श्रीनिवास

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. माझा शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा धंदा आहे, पुण्या-मुंबईला पार्सल जातात. काही गिऱ्हाईकं दर महिन्याला अर्धा किलो चटणी घेतात, त्यांच्यासाठी मीही ऑटोपे ठेवलंय. त्यामुळं हे पान आतून कसं तयार होतं ते मला माहीत आहे.

पेमेंट गेटवेच्या खात्यात शिरलं की विक्रेत्याला रकाने भरावे लागतात. पहिल्यांदा किती घ्यायचे, दर किती दिवसांनी, कमाल रक्कम किती, कधीपर्यंत. हे सगळं विक्रेता ठरवतो, बँक नाही. कमाल रक्कम खऱ्या किमतीपेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते, कारण शेंगदाण्याचा भाव वाढला तर नव्या रकमेसाठी सगळ्या गिऱ्हाइकांकडून नव्यानं परवानगी घ्यावी लागते. माझी चटणी ३५० ला जाते, मर्यादा ५०० ठेवलीय. १,४९९ च्या मालाला ५,००० ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल ते मला सांगता येणार नाही. मात्र गिऱ्हाइकाला आधी फोन करून 'दर महिन्याला कापले जातील, चालेल ना' असं विचारायला काही अवघड नसतं. मी विचारतो.

तरी एक शंका आहेच. अटी पानावर लिहिलेल्या होत्या, पिनच्या पडद्यावरही लिहिलेलं होतं, २४ तास आधी मेसेजही गेला. कंपनी उद्या म्हणेल, आम्ही सगळं सांगितलं होतं. मग तिला कायद्यानं कसं धरणार?

---

पासबुक

श्रीनिवास, शंका रास्त आहे. कंपनीचं उत्तर हेच असणार.

पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दलची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या मांडणीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार नावानिशी दिलेत. त्यातला एक सबस्क्रिप्शन ट्रॅप. त्यात रद्द करण्याची वाट लपवणं, ती किचकट करणं हे तर आहेच, पण फुकट गोष्टीसाठी आपोआप कापणीची परवानगी द्यायला भाग पाडणं हेही स्पष्ट लिहिलंय. खोटी घाई दाखवणं हा त्याच यादीतला आणखी एक प्रकार. जाहिरातीतलं उलटं चालणारं घड्याळ आणि न संपणाऱ्या ११ बाटल्या तिथं बसतात. त्याआधीच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे की ग्राहकाची संमती त्यानं स्वतः उघडपणे दिलेली हवी, आधीच खूण केलेली चौकट चालणार नाही. बटणाच्या खाली दडवलेल्या ओळीला उघड संमती म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो ग्राहक आयोगापुढं मांडता येतो. निकाल असाच लागेल असं मी सांगणार नाही.

---

कल्पना_जुळेसोलापूर

माझं प्रकरण क्रेडिट कार्डाचं आहे, कुणाला उपयोग झाला तर बघा. चेहऱ्याच्या क्रीमचा नमुना, परदेशी वेबसाइट, शिपिंग ४.९५ डॉलर. ओटीपी आलाच नाही, पैसे थेट गेले. तेव्हा बरंच वाटलं, पटकन झालं म्हणून. पंधरवड्यानं ८९ डॉलर गेले, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

ईमेल केला तर उत्तर आलं, क्रीम ठेवून घ्या, आम्ही ३० टक्के परत करतो. नाही म्हटलं तर ५० टक्के. मग म्हणाले परत पाठवा, पण आधी परवानगी क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक काही केल्या देईनात. अखेर बँकेत वाद दाखल केलाय, अजून निकाल नाही. बँक म्हणते कंपनीनं अटींचं पान पुरावा म्हणून पाठवलंय.

आमच्याकडं तर आधी सूचनेचा मेसेजही आला नव्हता. मग तो २४ तासांचा नियम कुठं गेला?

---

पासबुक

कल्पनाताई, नियम परदेशी कंपन्यांच्या नियमित कापणीलाही लागू आहे. पण कार्डावर ई-मँडेट नोंदलं गेलं तरच बँकेला कळतं की ही नियमित कापणी आहे. परदेशी विक्रेत्यानं ती प्रत्येक वेळी सुटी खरेदी म्हणून पाठवली तर ती साध्या खरेदीसारखी दिसते, आणि परदेशी व्यवहारात ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. पळवाट ती आहे. बँकेला लेखी विचारा की या कापणीसाठी ई-मँडेट नोंदलेलं होतं का आणि पूर्वसूचना पाठवली होती का. दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं तर तुमचा मुद्दा भक्कम होतो.

दुसरं म्हणजे कार्ड कुठल्या नेटवर्कचं आहे? मास्टरकार्डचा २०१९ पासून नियम आहे की चाचणीसाठी पाठवलेल्या वस्तूचे पुढचे पैसे घेण्याआधी विक्रेत्यानं ग्राहकाची पुन्हा संमती घेतली पाहिजे. नेटफ्लिक्ससारख्या सेवांबद्दल नाही, हातात घेता येणाऱ्या वस्तूंबद्दलच तो आहे. क्रीम, तेल, गोळ्या यांचा हाच धंदा जगभर चालला म्हणून तो आणावा लागला. कार्ड त्यांचं असेल तर वादाच्या अर्जात हे नाव घेऊन लिहा. पानावर अटी होत्या की नव्हत्या हा मुद्दाच मग दुय्यम होतो, दुसरी संमती दाखवा म्हणायचं.

आणि ५० टक्के वगैरे घेऊ नका. घेतले की 'तडजोड झाली' असं बँकेला कळवतात. कार्डाच्या सेटिंगमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची सोय असते, ती बंद ठेवा. लागेल तेव्हा चालू करता येते.

---

कल्पना_जुळेसोलापूर

कार्ड त्यांचंच आहे. हे मला बँकेत कुणी सांगितलंच नाही. उद्याच लिहिते.

---

होटगीरोड_संतोष

पासबुककाका, तीन दिवसांचं पटलं. पण मग सोपा उपाय म्हणजे त्या खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत. कापायला आले की काही मिळणारच नाही. आमच्या कारखान्यातली पोरं असंच करतात.

---

पासबुक

तसं करू नका संतोषराव. मावशींचं खातं मजुरीचं आहे, ते रिकामं कसं ठेवणार? शिवाय परवानगी यूपीआयची नसून नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डवरून ई-नॅचची, म्हणजे बँकेमार्फत थेट खात्यातून हप्ते कापण्याची दिलेली असेल, तर शिल्लक नाही म्हणून परत गेलेल्या प्रत्येक कापणीवर बँक दंड लावते. १,४९९ वाचवायला जाऊन दंडाचे पैसे जातात. त्यापेक्षा मुळावरच घाव घाला आणि मँडेट काढून टाका. ई-नॅच असेल तर ते यूपीआय ॲपमध्ये दिसणार नाही, बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत अर्ज देऊन रद्द करावं लागतं.

---

मेघा_विजापूररोड

एक गोष्ट सगळ्यांनी ऐका, कारण आमच्या शेजारी याच्याहून वाईट झालं. शेजारच्या काकूंचे अशाच एका गोळ्यांच्या नमुन्यात पैसे गेले. मुलानं गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. पहिला जो नंबर दिसला तो कंपनीचा नव्हताच. समोरच्यानं गोड बोलून 'रिफंड देतो' म्हणत एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, फोनचा पडदा त्याला दिसायला लागला आणि खात्यातले चाळीस हजार गेले. मूळ कंपनीनं नेलेले हजार-दोन हजार राहिले बाजूला.

त्यांनी लगेच १९३० ला फोन केला म्हणून काही रक्कम अडवली गेली. तेव्हा नंबर गुगलवर शोधू नका. मालाच्या बाटलीवर किंवा मूळ वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथंच लिहा. रिफंडसाठी ॲप उतरवा, पिन टाका, क्यूआर स्कॅन करा असं कुणीही सांगितलं तर फोन ठेवून द्या.

ऑटोपेच्या तक्रारीसाठी मात्र १९३० नव्हे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. मी स्वतः एका अभ्यासाच्या ॲपबद्दल तिथं तक्रार केली होती. मराठीत बोलता येतं. वेबसाइटवरही करता येते, consumerhelpline.gov.in. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ते कंपनीला कळवतात. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त मध्यस्थी करते. माझे पैसे मिळाले, पण बहिणीच्या तक्रारीला त्या कंपनीनं उत्तरच दिलं नाही.

---

सेवाकेंद्र_अशोकचौक

मेघाताई, बरं झालं सांगितलंत. मी नंबरच शोधणार होतो.

आज मावशी आल्या होत्या. स्क्रीनशॉट घेतले, मँडेट रद्द केलं, पिन त्यांनीच टाकला. रद्द झाल्याचा मेसेजही आला, त्याचाही फोटो ठेवलाय. काका, आता कंपनीला काय लिहू? आणि दुसरी बाटली अजून सीलबंद आहे, तिचं काय करायचं?

---

पासबुक

बाटली उघडू नका, जपून ठेवा. वापरली की कंपनी म्हणणार सेवा घेतली. परत मागितली तर त्यांच्या खर्चानं उचलून न्यायला सांगा.

मँडेट रद्द केल्यानं पैसे जाणं थांबलं, पण कंपनीच्या वहीत मावशींची मेंबरशिप अजून चालूच असेल. म्हणून वेगळं लेखी कळवणं भाग आहे. मराठीत लिहिलं तरी चालेल, असं काहीतरी:

'मी ३ तारखेला मोफत नमुन्यासाठी शिपिंगचे ९९ रुपये भरले. दर महिन्याच्या वर्गणीला मी संमती दिलेली नाही. तुमच्या पानावर ती अट बटणाच्या खाली होती, फोटो सोबत जोडला आहे. माझी नोंदणी आजपासून रद्द करा. दोन वेळा कापलेले २,९९८ रुपये परत करा. दुसरी बाटली न उघडता ठेवली आहे, तुमच्या खर्चानं घेऊन जा. मँडेट क्रमांक अमुक.'

यापेक्षा जास्त लिहू नका, शिवीगाळ नको. २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. पोच आली नाही तर तेही १९१५ च्या तक्रारीत घाला.

तरीही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथं राहतो तिथं दावा करता येतो, म्हणजे मावशींना सोलापुरातच करता येईल, कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, घाई नाही. वकील नसला तरी चालतं. पण तीन हजारांसाठी तारखांना मजुरी बुडवून जाणं मावशींना परवडेल का, हा विचार करूनच पुढं जा. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न. 'थकबाकी भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई' असे मेसेज येऊ शकतात. वरचा ईमेल गेलेला असेल तर उत्तरात तोच पुन्हा पाठवायचा. यूपीआयवर पैसे मागणारी रिक्वेस्ट आली तर नाकारायची. नवी परवानगी मावशींच्या पिनाशिवाय तयार होत नाही.

---

विनायक_टॉवेल

हे वाचून बायकोचा फोन बघितला. चिंध्यांच्या पार्सलचं राहू द्या, तिच्या ऑटोपेच्या यादीत दोन नोंदी सापडल्या. एक गाण्याच्या ॲपची, ती माहीत होती. दुसरी कुठली ते तिला आठवत नाही, महिन्याला १९९. आमच्या कारखान्यात टॉवेल शिवायला बायका येतात, त्यांचेही फोन दुपारच्या सुट्टीत बघतो. ही यादी नेमकी कुठं असते ते कुणी सांगा, प्रत्येकीचं ॲप वेगळं आहे.

---

सेवाकेंद्र_अशोकचौक

विनायकभाऊ, बहुतेक ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात आपला फोटो किंवा अक्षर असतं त्यावर दाबा, मग ऑटोपे किंवा मँडेट असं नाव शोधा. ज्या ॲपमधून परवानगी दिली तेच ॲप आधी बघा. दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर सगळी उघडून बघा.

मावशींचं पुढचं कळवतो. ईमेल पाठवला, पोच आली. आज उत्तर आलंय की 'सद्भावना म्हणून' दुसऱ्या महिन्याचे १,४९९ परत करू, पहिले मिळणार नाहीत, कारण ती बाटली वापरली आहे. मावशी म्हणतात वापरली ती तर फुकटची होती, पैसे घेतलेली बाटली सीलबंद आहे. आणि मला त्यांचं बरोबर वाटतं.

---

चटणीवाला_श्रीनिवास

मावशींचंच बरोबर आहे. पहिले १,४९९ नेमक्या कुठल्या बाटलीचे, याचं बिल मागा. जीएसटीचं बिल त्यांना द्यावंच लागेल, त्यावर तारीख आणि माल लिहिलेला असतो. बिल दुसऱ्या बाटलीचं निघालं तर 'वापरली' हे कारण तिथंच पडतं. मग १८ तारखेची दुसरी कापणी कशाची, हेही विचारा. तिसरी बाटली तर आलेलीच नाही ना?

---

सेवाकेंद्र_अशोकचौक

नाही आली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच बिल मागतो आणि १९१५ लाही नोंदवून टाकतो.

---

लक्ष्मी_नवीपेठ

उशिरा वाचतेय. माझ्याही यादीत एक असंच अनोळखी नाव निघालं. त्यावर 'पॉज' असं बटण होतं, मी ते दाबून ठेवलंय. तेवढं पुरे ना?

---

पासबुक

नाही ताई. पॉजला शेवटची तारीख असते, ती उलटली की कापणी पुन्हा सुरू होते. यूएमएनचा फोटो घ्या आणि त्याच पानावर खाली रद्द करण्याचा पर्याय असेल, तो वापरा. नोंद 'रद्द' म्हणून दिसायला लागली की इथं कळवा.